पगारातून विकत घेतलेले शेअर

एका हातात मोठ्या कंपनीचं ३४ लाखांचं ऑफर लेटर, दुसऱ्या हातात स्टार्टअपचं २४ लाखांचं. दुसऱ्याच्या तळाशी एक ओळ जास्तीची: याशिवाय ४० लाख रुपये मूल्याचे ईसॉप, चार वर्षांत. ईसॉप म्हणजे कंपनीचे शेअर पुढे आधीच ठरलेल्या भावाने विकत घ्यायचे हक्क, म्हणजेच ऑप्शन. बाणेर-हिंजवडी पट्ट्यात सहा-सात वर्षं कोड लिहिलेल्या माणसापुढे कधी ना कधी ही जोडी येतेच. घरचे म्हणतात, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नकोस. मित्र फ्रेशवर्क्सचं नाव घेतात. सप्टेंबर २०२१ मध्ये ती कंपनी नॅसडॅकवर आली आणि तिचे पाचशेहून जास्त कर्मचारी कोट्यधीश झाले, हे खरंच आहे. पण २०२२ मध्ये ज्या बायजूजची किंमत २२ अब्ज डॉलर धरली जात होती, ती जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, हेही तितकंच खरं. अशी उदाहरणं दोन्ही बाजूंना हवी तितकी सापडतात आणि त्यातून काहीच ठरत नाही. ठरतं ते कागद-पेन घेऊन बसल्यावर. फक्त सुरुवात त्या ४० लाखांच्या आकड्यापासून करायची नाही.

सुरुवात करायची ती आपण काय सोडतोय इथून. त्याआधी दोन्ही पत्रं एका पातळीवर आणायची. कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, आरोग्यविम्याचा हप्ता, कामगिरीवर अवलंबून असलेला बोनस हे सगळं सीटीसीत मिसळलेलं असतं. मोठ्या कंपनीच्या ३४ लाखांतले चार-पाच लाख ‘व्हेरिएबल’ निघणं काही नवल नाही. आपल्या उदाहरणात समजू की हे सगळं वजा करून दोन्ही आकडे निव्वळ ठरलेल्या पगाराचे आहेत.

फरक दहा लाखांचा दिसतो, पण हातात येणारा फरक तेवढा नसतो. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत, ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून, ३४ लाखांवर साधारण ६ लाख कर बसतो आणि २४ लाखांवर २ लाख ९२ हजार. म्हणजे खऱ्या टेक-होममधला फरक वर्षाला ६ लाख ९२ हजार, महिन्याला सुमारे साडेसत्तावन्न हजार. सरकार तुमच्या त्यागातला तीन दशांश वाटा स्वतः उचलतं, असं गमतीनं म्हणता येईल.

हा साडेसत्तावन्न हजारांचा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. स्टार्टअप तुम्हाला शेअर भेट देत नाहीये. तुम्ही दर महिन्याला साडेसत्तावन्न हजार भरून ते विकत घेताय, चार वर्षं, न चुकता. तेच पैसे सात टक्के व्याजाने ठेवले असते तर चार वर्षांनी साधारण ३२ लाख झाले असते. तेव्हा प्रश्न असा की एका खाजगी, बाजारात नोंद नसलेल्या कंपनीच्या शेअरमध्ये तुम्ही स्वतःहून ३२ लाख घातले असते का? घातले असते तर कुठल्या भावाने?

भाव काढायला ४० लाखांची ओळ फोडावी लागते. एचआरला विचारायचं: ऑप्शन किती? समजा, आठ हजार. मग विचारायचं: सगळे प्रेफरन्स शेअर, सगळा ईसॉप पूल, सगळं काही इक्विटीत बदललं असं धरून एकूण शेअर किती? यालाच ‘फुली डायल्युटेड’ आकडा म्हणतात. समजा, ऐंशी लाख. म्हणजे तुमचा वाटा ०.१ टक्का. गुंतवणुकीच्या शेवटच्या फेरीत, म्हणजे राउंडमध्ये, गुंतवणूकदारांनी एका शेअरला पाचशे रुपये दिले, म्हणून कंपनी ४०० कोटींची, आणि आठ हजार गुणिले पाचशे म्हणून तुमचे ४० लाख. दुसरा आकडा सांगायला एचआर कचरते. ‘ते गोपनीय आहे’ असं उत्तर आलं तर टक्केवारी तरी लेखी मागावी. छेद नसलेल्या अंशाला काही अर्थ नसतो, आणि आठ हजार हा आकडा तर कोणालाही भरघोसच वाटतो.

एचआरने नाही सांगितलं तरी पुष्कळ काही स्वतःला बघता येतं, आणि हे फार थोडे लोक करतात. कंपनी भारतात नोंदलेली असेल तर mca.gov.in वर शंभर रुपये भरून तिचे सार्वजनिक कागद उघडता येतात. त्यातला PAS-3 हा फॉर्म प्रत्येक वेळी नवे शेअर दिले की भरावा लागतो. कोणत्या प्रकारचे किती शेअर, कुठल्या भावाने दिले ते त्यात असतं. MGT-14 सोबत भागधारकांचे विशेष ठराव असतात. ईसॉप योजना मंजूर झाली असेल तर तिचा ठरावही इथे सापडू शकतो, आणि बऱ्याचदा कंपनीची सुधारित नियमावलीही. AOC-4 मध्ये ताळेबंद. बँकेत किती, वर्षाचा तोटा किती, यावरून पैसे किती महिने पुरतील याचा अंदाज बांधता येतो. ताळेबंद वर्षभर जुना असू शकतो, त्यामुळे त्यानंतर आलेला पैसा PAS-3 मधून जमेला धरायचा. मूळ कंपनी अमेरिकेत डेलावेअरला नोंदलेली आणि पुण्यात फक्त उपकंपनी असेल तर मात्र यातलं फारसं हाती लागत नाही. शिवाय ते शेअर एकदा नावावर झाले की दरवर्षी विवरणपत्रात परदेशी मालमत्ता म्हणून दाखवावे लागतात; ते विसरणं महागात पडतं.

आता भाव. तुमचा ०.१ टक्का तसाच राहत नाही. चार वर्षांत आणखी दोन राउंड झाले, एकात वीस टक्के आणि दुसऱ्यात पंधरा टक्के नवा वाटा दिला गेला, तर तुमच्याकडे ०.०६८ टक्के उरतात. ही काही फसवणूक नव्हे, कंपनी वाढायची तर हे होणारच. पण हिशोब ०.०६८ वर करायचा. कंपनी विकली गेली किंवा शेअर बाजारात आली त्या वेळी तुम्ही ऑप्शन वापरलेत, तर मिळणारा फायदा पगार म्हणून करपात्र होतो, म्हणजे अधिभार सोडला तरी साधारण ३१ टक्के तिथे जातात. कर जाऊन ३२ लाख हातात यायचे तर करापूर्वी साडेसेहेचाळीस लाख यायला हवेत. ०.०६८ टक्क्यांचे साडेसेहेचाळीस लाख व्हायचे तर कंपनी सुमारे ६८५ कोटींची व्हायला हवी.

म्हणजे आज ४०० कोटींची असलेली कंपनी चार वर्षांत ६८५ कोटींची झाली, तर तुम्ही जेमतेम बरोबरीत. फायदा शून्य. वर हे होईलच अशी खात्री नाही. ते घडण्याची शक्यता तुम्ही तीनात एक धरत असाल आणि उरलेल्या दोन वेळा हाती काहीच लागणार नसेल, तर चांगल्या निकालात कंपनी दोन हजार कोटींच्या वर जायला हवी, तरच हा सौदा सरासरीने बरोबरीत येतो. आता संस्थापकाशी बोलताना काय विचारायचं ते नेमकं कळतं. ‘तुमचं व्हिजन काय’ हे विचारून उपयोग नाही. आजचा महसूल किती, दर वर्षी कितीने वाढतोय, आणि याच धंद्यातल्या कंपन्या महसुलाच्या किती पट भावाने विकल्या गेल्या, हे विचारायचं. दोन हजार कोटींचा आकडा त्या उत्तरांतून निघतो का ते आपलं आपल्याला दिसतं.

इथपर्यंत आपण असं धरलं की विक्रीचे पैसे सगळ्यांत वाट्याप्रमाणे वाटले जातात. तसं नेहमी होत नाही. गुंतवणूकदारांकडे बहुधा सीसीपीएस, म्हणजे सक्तीने इक्विटीत बदलणारे प्रेफरन्स शेअर असतात, आणि त्यांना ‘लिक्विडेशन प्रेफरन्स’ असतो: कंपनी विकली की आधी त्यांची घातलेली रक्कम परत, किंवा वाट्याप्रमाणे हिस्सा, यातलं जे जास्त असेल ते. समजा, आपल्या कंपनीने शेवटपर्यंत २२० कोटी उभे केले आणि गुंतवणूकदारांचा वाटा ५५ टक्के आहे. कंपनी ३०० कोटींना विकली गेली. बातमी छान छापून येते, संस्थापकांचे फोटो येतात. पण ३०० चे ५५ टक्के म्हणजे १६५, आणि घातलेले २२०. ते २२० घेऊन मोकळे होतात. उरलेल्या ८० कोटींत संस्थापक आणि सगळे कर्मचारी. ०.०६८ टक्क्यांचे २० लाख ४० हजार व्हायला हवे होते, त्याऐवजी तुमच्या वाट्याला १२ लाख येतात, तेही करापूर्वी. विक्री २२० कोटींना किंवा त्याखाली झाली तर शून्य. या उदाहरणात ४०० कोटींच्या पुढे गेल्यावरच प्रेफरन्सचा त्रास संपतो.

काही करारांत गुंतवणूकदार आधी रक्कम घेतात आणि शिवाय उरलेल्यातही वाटा घेतात. याला ‘पार्टिसिपेटिंग’ म्हणतात. तसं असेल तर वरचा हिशोब आणखी बिघडतो. ही अट कंपनीच्या नियमावलीत सापडण्याची शक्यता असते, म्हणून तो MGT-14 चा खटाटोप. एवढं वाचायचा कंटाळा असेल तर निदान एक आकडा मनात ठेवावा: आजवर एकूण किती पैसे उभे केले. फार पैसे उभे केलेली कंपनी बाहेरून भारदस्त दिसते, पण कर्मचाऱ्याच्या डोक्यावरचा ढीग तेवढाच उंच असतो.

आता ज्या कलमात लोक खरोखर अडकतात, त्याकडे. वाटा किती यावर सगळी घासाघीस होते, पण नोकरी सोडल्यावर काय, हे कोणी विचारत नाही. वास्तविक चार वर्षं एका स्टार्टअपमध्ये पूर्ण काढणारे किती?

समजा, अडीच वर्षांनी तुम्ही बाहेर पडलात. भारतीय कायद्यानुसार ग्रँटपासून, म्हणजे ऑप्शन रीतसर दिले गेल्यापासून, पहिलं वर्ष काहीच व्हेस्ट होऊ शकत नाही, म्हणजे तुमच्या हक्काचं होऊ शकत नाही. त्यानंतर हळूहळू होत होत अडीच वर्षांत आठ हजारांपैकी पाच हजार ऑप्शन तुमचे झालेत. योजनेत लिहिलंय की नोकरी सोडल्यापासून नव्वद दिवसांत ते वापरा, नाहीतर रद्द. वापरायची किंमत, म्हणजे एक्सरसाइज प्राइस, दहा रुपये. पाच हजार गुणिले दहा, पन्नास हजार. स्वस्त वाटतं.

पण त्या दिवशी कर लागतो. शेअरची त्या दिवशीची रास्त किंमत मर्चंट बँकर ठरवतो. त्याचं मूल्यांकन १८० दिवसांपेक्षा जुनं चालत नाही. त्याने ४२० रुपये काढली असं धरू. तुम्ही दहा दिले, म्हणजे शेअरमागे ४१० रुपयांचा ‘लाभ’ तुम्हाला पगारासारखा मिळाला, असं आयकर कायदा मानतो. पाच हजार शेअरवर २० लाख ५० हजार. त्यावर ३१.२ टक्क्यांनी ६ लाख ४० हजार कर, जो कंपनीला टीडीएस म्हणून तुमच्याकडून कापायचा असतो. फुल अँड फायनलमध्ये तेवढी रक्कम निघत नाही, म्हणून तुम्हाला चेक द्यावा लागतो. थोडक्यात, जवळजवळ सात लाख रोख भरायचे, आणि बदल्यात जे शेअर मिळतात ते विकायला ना बाजार ना गिऱ्हाईक. पुढे कंपनी बुडाली तर तो कर परत मिळत नाही. ४२० च्या भावाने भांडवली तोटा दाखवता येतो, पण तो फक्त भांडवली नफ्यातूनच वजा होतो आणि आठ वर्षंच पुढे नेता येतो.

यात ‘आम्ही मान्यताप्राप्त स्टार्टअप आहोत, कर पुढे ढकलता येतो’ असं एक आश्वासन दिलं जातं. २०२० च्या अर्थसंकल्पात तशी तरतूद आली खरी. पण नुसती डीपीआयआयटी या सरकारी विभागाची मान्यता पुरत नाही, करसवलतीसाठीचं आंतरमंत्रालयीन मंडळाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं, आणि ते असलेल्या कंपन्या थोड्या. ते असलं तरी कर सुमारे पाच वर्षं, किंवा शेअर विकेपर्यंत, किंवा नोकरी सोडेपर्यंत पुढे जातो. यातलं जे आधी घडेल ते. म्हणजे ज्याला या सवलतीची सगळ्यात जास्त गरज, त्या सोडून जाणाऱ्याला ती मिळतच नाही.

सात लाख भरावेत की ऑप्शन सोडून द्यावेत, हा प्रश्न पुष्कळांपुढे येतो आणि बरेच जण सोडून देतात. मग अडीच वर्षं दरमहा साडेसत्तावन्न हजारांनी विकत घेतलेला माल दुकानातच राहतो. म्हणून मी वाट्यापेक्षा या मुदतीवर जास्त घासाघीस करीन. नव्वद दिवसांऐवजी पाच-सात वर्षं, किंवा कंपनी विकली जाईपर्यंत किंवा बाजारात येईपर्यंत, अशी मुदत देणाऱ्या भारतीय कंपन्या आहेत. मुदत लांब असेल तर विक्रीच्या वेळीच ऑप्शन वापरायचे आणि आलेल्या पैशांतूनच कर भरायचा. माझ्या दृष्टीने लांब मुदतीसह ०.०८ टक्के हे नव्वद दिवसांच्या ०.१ पेक्षा निःसंशय सरस. त्याच कलमाच्या आसपास ‘बॅड लीव्हर’, म्हणजे वाईट रीतीने सोडून गेलेला कोण, याची व्याख्या शोधावी. गैरवर्तनासाठी व्हेस्ट झालेले ऑप्शन रद्द होणं समजू शकतं, पण काही योजनांत स्पर्धक कंपनीत जाणं, कधीकधी तर साधा राजीनामाही त्यात बसवलेला असतो. तसं असेल तर तिथे इक्विटीची किंमत शून्य धरून उरलेल्या पगाराकडे बघावं.

घरकर्ज घ्यायच्या बेतात असलेल्यांसाठी एक हिशोब वेगळाच. बँक ईसॉप मोजत नाही. हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्यापर्यंत हप्ता चालेल असं ढोबळमानाने धरलं, तर महिना साडेसत्तावन्न हजार कमी म्हणजे हप्त्याची ताकद २८ हजार ८०० नी कमी. साडेआठ टक्के, वीस वर्षं या दराने ते ३३ लाखांचं कर्ज होतं. वाकडमध्ये तो एका बेडरूमचा फरक पडतो. ज्यांचा फ्लॅट पुढच्या वर्षी बुक व्हायचाय, त्यांनी आधी कर्ज मंजूर करून घेऊन मग नोकरी बदलायचा विचार केला तरी वाढलेल्या हप्त्यावर कमी पगार झेपेल का, हे बघावं लागतंच.

मग स्टार्टअप घ्यावं तरी कधी? माझं मत असं: इक्विटी पूर्ण शून्य झाली तरी २४ लाखांत घर चालतं, कंपनीकडे निदान दीड वर्ष पुरेल इतका पैसा आहे, आणि तिथलं काम तुम्हाला तीन वर्षांनी ३४ नव्हे तर ४५ लाखांचं माणूस करू शकतं, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर घ्यावं. तिसरी गोष्ट लोक फार सैल सोडतात. ‘खूप शिकायला मिळेल’ हे कुठल्याही मुलाखतीत ऐकायला मिळतं. नेमकं काय तुमच्या ताब्यात असेल, किती जणांची टीम, आज ते काम कोण करतंय आणि ते का सोडतंय, हे विचारलं की शिकण्याचा खरा आकार दिसतो. आणि ३४ लाखवाली कंपनी स्थिर असते ती पगाराच्या तारखेपुरती. तिथे कुठल्या प्रकल्पावर टाकणार हे विचारलं नाही, तर तीन वर्षं जुनं सॉफ्टवेअर सांभाळण्यात जातात आणि तोही तोटाच असतो.

होकार द्यायच्या आधी एका मेलमध्ये पाच गोष्टी मागाव्यात: ऑप्शनची संख्या, फुली डायल्युटेड शेअर, एक्सरसाइज प्राइस, सोडल्यानंतरची मुदत, आणि ग्रँटची तारीख. शेवटची सगळ्यात क्षुल्लक वाटते. पण ऑफर लेटरमधली ईसॉपची ओळ म्हणजे ग्रँट नव्हे. ग्रँट होतो संचालक मंडळाच्या मंजुरीनंतर, आणि ते पहिलं वर्ष रुजू झाल्यापासून नाही, ग्रँटपासून मोजलं जातं. मंडळाने आठ महिन्यांनी ठराव केला तर पहिला ऑप्शन हाती यायला वीस महिने लागतात. आणि पुण्यात नोटीस पीरियड बहुधा साठ ते नव्वद दिवसांचा, तेवढ्या वेळात स्टार्टअपमध्ये बरंच काही उलटसुलट होऊ शकतं. त्यामुळे ‘रुजू झाल्यानंतरच्या पहिल्या बैठकीत, जास्तीत जास्त नव्वद दिवसांत ग्रँट’ हे वाक्य मेलवर आल्याशिवाय आधीच्या ठिकाणी राजीनामा टाकू नये. ते लिहून द्यायला एचआरला दोन मिनिटं लागतात. दोन आठवडे लागत असतील, तर ३४ लाखांच्या पत्राची मुदत कधी संपते ते पुन्हा एकदा बघून ठेवावं.